अर्ध्या पिकाची उपकारस्तुती

नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीचा सण हा नाताळाच्या खालोखाल गर्दीचा समजला जातो. खरीप खळ्यावर आले की एका रविवारी जो तो आपल्या मालातले काही घेऊन उपासनेला येतो. बाजरीची कणसे, मूग-उडीद, भोपळे, एखादी कोंबडी, असे सारे समोरच्या मेजाभोवती मांडले जाते, उपकारस्तुतीची गीते होतात, पाळकाचा उपदेश होतो आणि शेवटी त्या मालाचा लिलाव होऊन आलेली रक्कम मंडळीच्या तिजोरीत जमा होते. सोळा आणे पिकाच्या वर्षी हा उपदेश करायला फारशी विद्वत्ता लागत नाही. पीक समूळ बुडाले तरी पाळकाला वाट सापडते, कारण विलापासाठी शास्त्रात जागा पुष्कळ आहे. अवघड जाते ते अधल्यामधल्या वर्षी, ज्या वर्षी एकाच मंडळीतल्या एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाचे खळे भरलेले असते आणि दुसऱ्याने उभी बाजरी जनावरांना सोडलेली असते.

नेवासे तालुक्यातल्या एका गावी यंदा नेमकी अशी अवस्था होती. मृगाने हूल दिली, आर्द्रात पेरण्या झाल्या आणि पुष्य व आश्लेषा ही दोन्ही नक्षत्रे कोरडी गेली. बाजरीचे पीक ऐंशी-नव्वद दिवसांचे. पेरणीनंतर सहा-सात आठवड्यांनी ते पोटरीवर येते, आणि ज्यांची बाजरी त्या उघडिपीत पोटरीवर आली त्यांची कणसे बाहेर पडली खरी, पण निम्मी पोचट. ज्यांनी पुनर्वसूच्या एका सरीवर दुबार पेरणी केली होती त्यांची बाजरी पूर्वा नक्षत्रात फुलोऱ्यावर आली आणि त्याच वेळी झड लागली. उत्तराही बरसली, तेव्हा आधीच्यांची पिकलेली कणसे भिजून दाणा काळवंडला, काहींच्या कणसातच मोड फुटले. मात्र त्याच पावसाने खालच्या शिवारातली काळी जमीन कमरेइतकी खोल भिजवली, म्हणजे ज्या पावसाने वरच्या मुरमाड रानातली बाजरी नासली त्यानेच काळ्या रानातल्या शाळूची बेगमी करून ठेवली. मुरमाड रानात हे पाणी टिकत नाही. तिथे खरीप गेले की वर्ष गेले.

उपदेश कसला करावा, हा प्रश्न घेऊन तिथले तरुण पाळक मंडळीच्या एका वृद्ध पंचांकडे गेले होते, आणि मी त्या घरी पाहुणा असल्यामुळे त्या दोघांचे बोलणे मला आयतेच ऐकायला मिळाले. पंच हे निवृत्त शिक्षक, सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. त्यांची सहा एकर जमीन वरच्या रानात आहे, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवलेले बरे. पाळकांची जमीन नाही. त्यांचे मानधन मंडळीच्या अर्पणातून निघते आणि अशा वर्षी ते थकते, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

पाळक : गुरुजी, मी आमोसाचा चौथा अध्याय घेण्याच्या विचारात आहे. एका नगरावर पाऊस पडला, दुसऱ्यावर पडला नाही. एक शेत भिजले, दुसरे करपले. आपल्या यंदाच्या शिवाराचे वर्णन याहून नेमके कुठे सापडणार?

गुरुजी : वर्णन नेमके आहे, म्हणूनच भीती वाटते. त्या अध्यायात तो पाऊस देवाने ताडनासाठी आवरून धरलेला आहे. तुम्ही ते वाचलेत की खालच्या आळीतले वरच्या आळीकडे मान वळवून पाहतील. आमची बाजरी गेली ती आमच्या पापाने, आणि त्यांच्या विहिरी भरल्या त्या त्यांच्या पुण्याईने, एवढेच लोक घरी घेऊन जातील.

पाळक : पण आमोस तसे म्हणत नाही. त्याचा ठपका साऱ्या राष्ट्रावर आहे, आणि तोही दीनदुबळ्यांना चिरडल्याबद्दल. भिजलेले निर्दोष आणि कोरडे दोषी असा निवाडा त्यात कुठेच नाही. शिवाय पुढचे वचन सहसा कोणी वाचत नाही : कोरड्या नगरांतली माणसे पाण्यासाठी अडखळत भिजलेल्या नगराकडे जातात आणि तिथेही त्यांची तहान भागत नाही. मला तिथेच थांबायचे आहे. ज्याच्याकडे पाऊस पडला त्याच्या दारात, ज्याच्याकडे पडला नाही तो येऊन उभा आहे. मग भिजलेल्याने काय करावे?

गुरुजी : विवेचन छान आहे. पण उपदेश हा कानाने आणि एकदाच ऐकायचा असतो. पुस्तकासारखे पान मागे उलटता येत नाही. पहिल्या वाक्याने ज्याला घायाळ केले तो तुमचे तिसरे वाक्य ऐकायला मनाने तिथे नसतो.

मला गुरुजींचे म्हणणे पटले, आणि पाळकांनाही पटले असावे, कारण त्यांनी कागदावरची एक ओळ खोडली. ज्या वचनाचा खरा अर्थ सांगायला दहा मिनिटे लागतात आणि खोटा अर्थ ऐकणाऱ्याला आपोआप कळतो, ते वचन दुखावलेल्या श्रोत्यांपुढे घेऊ नये, मग ते कितीही चपखल असो.

पाळक : मग हबक्कूक घेतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरीही तो परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन म्हणतो. पडत्या वर्षी सगळे पाळक तेच घेतात, हे मला ठाऊक आहे.

गुरुजी : सगळे घेतात हाच त्याचा पहिला दोष. दुसरा दोष असा की तिथे सारेच गेलेले आहे. सारे गेले की माणसाला एक प्रकारची मोकळीक येते. शेजाऱ्याशी तुलना करायला काही उरत नाही. आमचे तसे नाही. आमच्या घरी चार पोती आली आहेत. तेवढ्यावर ना कोणी रडू देत, ना हसवते. आणि तिसरे, पाळकसाहेब, रागावू नका : हबक्कूक ते स्वतःविषयी बोलतो. तो म्हणतो ‘मी’. तो कोणालाही ‘तुम्ही उल्हास करा’ असे सांगत नाही. ज्याचे गेले त्याने म्हणावे. दुसऱ्याने त्याला म्हणायला लावू नये.

पाळक : पहिले दोन मान्य. तिसऱ्याला मात्र माझा विरोध आहे. त्या अध्यायाच्या अखेरीस मुख्य गवयासाठी सूचना आहे, ते तंतुवाद्यांवर गायचे आहे. म्हणजे ते एकट्याचे राहिलेले नाही, सभेच्या तोंडी दिलेले आहे. ज्याचे गेले आणि ज्याचे राहिले ते दोघे ते एकाच सुरात गातात.

गुरुजी : (थोडे थांबून) मग गाऊ द्या. मंडळी गाईल. तुम्ही त्यावर उपदेश करू नका.

हा निवाडा मला शास्त्राच्या जाणकाराला शोभेल असा वाटला. गाण्यात माणूस आपल्याला झेपेल तेवढे म्हणतो, न झेपेल तिथे नुसते ओठ हलवतो, आणि त्याचा जाब कोणी विचारत नाही. उपदेशात मात्र त्याच्याकडे बोट असते.

यानंतर बोलणे सहज अमेरिकेकडे वळले, आणि ते वळणे अगदीच अप्रस्तुत नव्हते. नगर भागात १८३१ पासून काम करणारे मिशन बॉस्टनच्या संस्थेचे. तिचे पहिले मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये उतरले. ज्या मॅसॅच्युसेट्समधून ही माणसे आली, त्याच किनाऱ्यावर प्लिमथच्या वसाहतवाल्यांनी १६२१ च्या शरदात जो भोजनसोहळा केला तो अमेरिकन उपकारस्तुतीच्या सणाचा आरंभ म्हणून सांगितला जातो.

पाळक : त्यांतल्या एडवर्ड विन्स्लो यांचे डिसेंबर १६२१ चे पत्र आहे. वीस एकर मका आणि सहाएक एकरांत जव व वाटाणा पेरला होता. मका उत्तम आला, जव बेताचा, आणि वाटाणा तर वेचण्याच्या लायकीचाही नव्हता, कारण पेरणीला उशीर झाला आणि ऐन फुलोऱ्यात उन्हाने तो होरपळला. गुरुजी, हे आपल्या बाजरीसारखेच नाही का? ज्या सणाला आपण भरल्या कणगीचा सण समजतो त्याचा जन्मच अर्ध्या पिकातला आहे. आदल्या हिवाळ्यात त्यांची निम्मी माणसे मेली होती. मला वाटते, हे सांगितले की लोकांना धीर येईल.

गुरुजी : सांगा, पण पुरते सांगा. ज्या जागेवर त्यांनी तो मका लावला ते एका मूळ जमातीचे गाव होते, आणि तिथली वस्ती थोड्याच वर्षांपूर्वी साथीत मेली होती. रान आधीच साफ होते म्हणून त्यांची पहिली पेरणी निभावली. मक्याची लागवड त्यांना शिकवली तीही त्याच मेलेल्या गावातल्या एका वाचलेल्या माणसाने. आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांच्या आजोबांना स्वतःच्या नावाची जमीन नव्हती. दुसऱ्याच्या खळ्यावरचे बलुते आणि वेचलेला सरवा यांवर ती घरे जगली. त्यांच्यापुढे उपकारस्तुतीची गोष्ट सांगताना जमीन कोणाची होती हे वगळलेत, तर ऐकणाऱ्याला ते पहिल्यांदा जाणवेल.

पाळक : पुरते सांगायचे तर उपदेश तासाभराचा होईल.

गुरुजी : म्हणून नका सांगू.

इथपर्यंत पाळकांचा प्रत्येक आधार गुरुजींनी काढून घेतला होता, आणि खरे सांगायचे तर मला पाळकांची दया येऊ लागली होती. पण नकार देणाऱ्या माणसाला कधीतरी स्वतःचे मत मांडावे लागतेच, आणि ते मांडताना गुरुजींची बाजू थोडी लंगडी पडली.

पाळक : तुमच्या मते मग काय करावे? सण रद्द?

गुरुजी : रद्द नव्हे, पुढे ढकला. माघात शाळू सोंगून झाला की सारे वर्ष एकत्र समोर येईल. आताच आभार मानायचे ते कशाचे? अजून आणेवारीही लागलेली नाही.

पाळक : आणेवारी लागली म्हणजे कळेल काय? साऱ्या गावाची मिळून एक पैसेवारी निघेल. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलती, वर गेली तर काही नाही. खालच्या शिवाराचे सत्तर आणि तुमचे तीस यांची सरासरी पन्नास. त्यात तुम्हीही नाही आणि तेही नाहीत. पावसाचेही तसेच. महसूल मंडळाच्या ठिकाणी एक पर्जन्यमापक. तिथे एका दिवसात पासष्ट मिलिमीटर भरले तर साऱ्या मंडळात अतिवृष्टी, तिथे न भरले तर तुमच्या रानात ढग फुटला तरी कागदावर कोरडे. सरासरीची वाट पाहून आभार मानायचे असतील तर ते आभार तलाठी दप्तरात मानावेत.

गुरुजी : (हसून) इथे मात्र तुम्ही मला धरलेत.

पाळक : म्हणूनच मी अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायाकडे येतो. तिथे प्रथमफळांची टोपली आहे. दशांश द्यायचा तर आधी मोजावे लागते : मळणी झाली, वारवले, पोती भरली, मग दहावा हिस्सा. तो बियाण्याचा आणि मजुरीचा खर्च वजा करून की न करता, काळवंडलेल्या बाजरीचा भाव कोणता धरून, असे शंभर प्रश्न अशा वर्षी उठतात, आणि त्यांचे उत्तर न सुचल्यामुळे गरीब माणूस उपासनेलाच येत नाही. प्रथमफळाला माप नाही. शेतातून पहिल्यांदा जे हाती येते ते टोपलीत घालायचे, एकूण किती येणार हे कळण्याच्या आधी. चार कणसे आणलीत तरी ती पुरी टोपली. अर्ध्या पिकाच्या वर्षी मी दशांशावर बोलणार नाही, प्रथमफळावर बोलेन. आणि टोपली खाली ठेवताना म्हणायचे जे निवेदन त्या अध्यायात आहे, त्यात पिकाची बढाई नाही. आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्हांला राबवले, आम्ही ओरडलो, हीच हकिगत आहे. तुमचे गाऱ्हाणे तिथे आभाराच्या आतच बसते.

गुरुजी : टोपली आणणाऱ्याला जमीन लागते.

पाळक : त्याच अध्यायात लेवी आणि उपरा यांनीही त्याच्याबरोबर आनंद करायचा आहे, आणि त्या दोघांनाही जमीन नाही.

गुरुजी : आनंद करायचा, म्हणजे दुसऱ्याने दिलेले घ्यायचे. आमच्या बायका सोंगणीला जातात, त्यांना मजुरीच्या पेंढ्या मिळतात. त्या पेंढीतली कणसेही टोपलीतच आली पाहिजेत, आणि शेतमालकाच्या टोपलीच्या आधी. एवढे उपदेशात म्हणा. आणि लिलाव बंद करा.

लिलावाबद्दल बाहेरच्या वाचकाला दोन शब्द सांगायला हवेत. भरल्या वर्षी तो मोठा मौजेचा असतो. एका भोपळ्यावर दोन भावांत चढाओढ लागते आणि मंडळीला चार पैसे मिळतात. पण अशा वर्षी जो बोली करू शकतो तो वरच्या रानातल्या माणसाची कणसे त्याच्या देखत विकत घेतो, आणि ज्याने ती आणली तो मान खाली घालून बसतो. पाळकांचे मानधन या लिलावातून येते, हे गुरुजींना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते म्हटले, आणि तरीही पाळकांनी लगेच होकार दिला, याची नोंद करणे मला भाग आहे.

पाळक : मग आलेल्या मालाचे काय करायचे?

गुरुजी : बी. शाळूला एकरी चार किलो बी लागते. ज्यांची खरिपात सारी पुंजी गेली त्यांच्यातल्या तिघाचौघांकडे खालच्या शिवारात अर्धलीची एकर-दोन एकर काळी जमीन आहे. वाफसा आला आहे आणि बी घ्यायला पैसा नाही. ज्याच्या कणगीत गेल्या वर्षीचा निवडक शाळू आहे त्याने आठ किलो आणला तर दोन एकर पेरले जातात. हा हिशेब मला उपदेशापेक्षा कळतो.

पाळक : आणि बाजरी?

गुरुजी : बाजरी बियाण्याला देऊ नका, यंदाची तर मुळीच नको. खायला वाटायची तीही आधी पाहून घ्या. पूर्वा-उत्तरात फुलोऱ्यावर भिजलेल्या बाजरीला अरगट लागतो. आधी कणसावर मधासारखा चिकट द्रव येतो, मग दाण्याच्या जागी काळपट, लांबट, टोकदार कण बनतात आणि ते मळणीत दाण्यात मिसळतात. ते विषारी असतात. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात दाणे टाकले की हे कण आणि पोचट दाणा वर तरंगतो. तो काढून जाळायचा, खालचा दाणा दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचा. पण बुरशी चढून कुबट वास येऊ लागला असेल तर मिठाचे पाणीही काही करत नाही, ती बाजरी दूरच ठेवा. देवापुढे आणलेली म्हणून ती निर्दोष झाली असे कोणी समजू नये.

पाळक : हे उपासनेच्या आधी कोण पाहणार?

गुरुजी : मी पाहीन. शनिवारी सगळा माल माझ्या ओट्यावर येऊ द्या.

पाळक : पण गुरुजी, बियाण्यासाठी म्हणता तर आपली तारीख चुकली. मी नोव्हेंबरचा दुसरा रविवार ठरवला होता.

गुरुजी : तोवर शाळू गुडघ्याला येईल. हस्त संपायच्या आत पेरणी उरकली पाहिजे. ऑक्टोबरचा पहिला रविवार धरा.

म्हणजे जे गुरुजी सण माघापर्यंत पुढे ढकलायला निघाले होते त्यांनीच तो महिनाभर अलीकडे ओढला, आणि प्रथमफळ मोजणीच्या आधी द्यायचे हा पाळकांचा मुद्दा त्यांनी न मानता अमलात आणला. दोघांपैकी कोणीही ते बोलून दाखवले नाही.

मग पाळकांनी उपदेशाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला आणि गुरुजी शाळेतल्या वहीवर फिरवावा तसा त्यावर पेन्सिलीचा हात फिरवत गेले. ‘देवाने यंदाही आपल्या गरजेपुरते दिले आहे’ हे पहिलेच वाक्य होते. ते गुरुजींनी काढून टाकले. गरज कोणाची आणि पुरले कोणाला, हे घरोघर जाऊन विचारल्यावाचून म्हणता येत नाही. त्याच्या जागी पाळकांनी लिहिले, ‘जे आले त्यातले पहिले आम्ही आणले आहे.’ पुढे ‘शेजारच्या तालुक्याकडे पाहा, त्यांच्यापेक्षा आपण बरे’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. त्यावर गुरुजी एवढेच म्हणाले, की शेजाऱ्याच्या नुकसानीबद्दल आभार मानायची प्रार्थना आपल्या गीतसंग्रहात नाही. ‘या पावसाने शाळूची सोय केली’ हे वाक्य त्यांनी राहू दिले, पण त्याच्यामागे ‘आणि याच पावसाने बाजरी नेली’ हे जोडायला लावले, दोन्ही एकाच दमात. पाळकांनीही एक वाक्य मुळीच सोडले नाही : देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, या प्रभूच्या वचनाचा उल्लेख. गुरुजींचे म्हणणे, यंदा पाऊस सारखा पडलाच नाही. पाळकांचे उत्तर असे, की ते वचन पावसाच्या मापाविषयी नाही. पाऊस पाहून कोणाची नीतिमत्ता ठरवू नका, एवढेच त्यात आहे, आणि आमोस सोडून दिल्यावर निदान ते तरी मला सांगू द्या. गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवली, पण मान डोलावली नाही.

उपासनेचा क्रम असा ठरला : प्रथम मजुरीची कणसे, मग इतर टोपल्या, टोपली ठेवताना कोणी आकडा सांगायचा नाही, कारण खरे उत्पन्न चारचौघांत सांगायला सावकार आणि भाऊबंद या दोघांचीही धास्ती असते, त्यानंतर एका पंचाने गाऱ्हाण्याची प्रार्थना करायची, मग हबक्कुकाचे गायन, मग उपदेश, आणि शेवटी उपकारस्तुती. गाऱ्हाण्याची प्रार्थना गुरुजी करणार. उपकारस्तुतीच्या वेळी आपण उभे राहू, पण तोंडाने म्हणू असे वचन देत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

पाळक : मग तुम्ही आभार मानणार तरी कधी?

गुरुजी : खालच्या रानातला शाळू पोटरीवर येऊ द्या. तिथे माझे काही नाही, पण ज्यांना बी दिले त्यांचे असेल. तेव्हा मानीन.

पाळक : त्या वेळी दुसरा उपदेश लिहावा लागेल मला.

गुरुजी : नको. पुढे सोंगणी आली की माणसे अपुरी पडतात. तेव्हा रविवारची उपासना सकाळी सातला घ्या आणि साडेआठच्या आत लोकांना सोडा.